न कळणारं म्हणजे गुप्त नव्हे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात वाशी, नवी मुंबई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकाने आपापल्या कामातली एक गोष्ट दहा मिनिटांत सांगायची, असं ठरलं आहे. माझं काम मेल सर्व्हर सांभाळण्याचं. म्हणून माझी गोष्टही ईमेलचीच, आणि ती या मेळाव्याच्या तयारीतूनच निघाली. मुक्कामाच्या खोल्यांसाठी आपण सगळ्यांनी आधार कार्डाच्या प्रती संयोजकांना मेलने पाठवल्या. तेव्हा आपल्यातल्या एकाने मेलचं मूळ रूप उघडून पाहिलं. जीमेलमध्ये Show original हा पर्याय निवडला की ते दिसतं. तिथे पानंच्या पानं अगम्य अक्षरं होती. तो निर्धास्त झाला आणि म्हणाला, "काळजी नको, जोडलेली फाइल आपोआप कुलूपबंद होते." तसं होत नाही. मग ती अक्षरं असतात तरी काय?

ईमेल ज्या नियमांवर चालते ते १९८२ सालचे. त्या काळी मेल म्हणजे इंग्रजीतला साधा मजकूर. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि काही नियंत्रणचिन्हं मिळून १२८ खुणा होतात आणि त्यांना सात बिट पुरतात. फोटो किंवा पीडीएफ यांतल्या प्रत्येक बाइटला मात्र आठही बिट लागतात. अशी फाइल जशीच्या तशी पाठवली, तर वाटेतली एखादी यंत्रणा आठवा बिट टाकून देई, एखादी ओळीचा शेवट बदले, आणि पलीकडे फाइल मोडकी पोहोचे. नाथानिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये 'माइम' नावाचे नियम मांडले, त्यांत यावर उपाय होता. फाइल पाठवण्याआधी तिचं रूपांतर फक्त अशा ६४ खुणांमध्ये करायचं, की ज्या कुठल्याही वाटेने सुखरूप जातील: इंग्रजीतली २६ मोठी अक्षरं, २६ छोटी, दहा आकडे, अधिकचं चिन्ह आणि तिरपी रेघ. या रीतीचं नाव बेस६४.

रीत अगदी सोपी आहे. तीन बाइट घ्यायचे, म्हणजे चोवीस बिट झाले. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार तुकडे करायचे. सहा बिटांत ० ते ६३ एवढेच आकडे मावतात, म्हणून प्रत्येक तुकड्याला ठरलेल्या तक्त्यातली एक खूण मिळते. तीन बाइटांच्या चार खुणा होतात, म्हणून फाइल एक तृतीयांशाने फुगते. शिवाय दर ७६ खुणांनंतर ओळ तोडतात, तिची थोडी भर पडते. पंधरा एमबीचे फोटो मेलमध्ये साडेवीस एमबीच्या आसपास होतात ते यामुळेच. 'मर्यादा पंचवीसची आणि माझे वीसच एमबी, तरी मेल परत का आली?' याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

आता 'वाशी' हा शब्द घेऊ. संगणकावर देवनागरी साठवण्याची आजची रूढ पद्धत यूटीएफ-८. तिच्यात आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह बरोबर तीन बाइटांचं असतं. काना, वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. म्हणजे व, काना, श आणि दुसरी वेलांटी अशी चार चिन्हं, आणि प्रत्येकाच्या चार खुणा. सोळा खुणांचा 'वाशी' असा दिसतो:

```
4KS1 4KS+ 4KS2 4KWA
```

मेलमध्ये मधल्या मोकळ्या जागा नसतात. त्या आपल्या सोयीसाठी मी सोडल्या आहेत. प्रत्येक गटाची सुरुवात पाहा: 4KS किंवा 4KW. देवनागरीतलं कुठलंही अक्षर घ्या, ते याच दोनांपैकी एकाने सुरू होतं. म्हणजे अशा ओळींवर नुसती नजर टाकूनही, हा मजकूर देवनागरीत आहे, हे मला कळतं. तसंच JVBERi0 ने सुरुवात झाली तर ती पीडीएफ आणि /9j/ ने झाली तर तो जेपीईजी फोटो. पूर्ण वाचायचं असेल, तर लिनक्सवर एक ओळ पुरते:

```
echo "4KS14KS+4KS24KWA" | base64 -d
```

उत्तर येतं: वाशी. या आज्ञेत पासवर्ड कुठेच नाही. संगणकाने तो विचारलाही नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतंच. मेलच्या मूळ रूपातही त्या अक्षरांच्या वर Content-Transfer-Encoding: base64 असं स्वच्छ लिहिलेलं असतं. हा मजकूर कसा उलगडायचा, ते पाकिटावरच छापलेलं आहे.

आपली 'च'ची भाषा आठवा. 'वाशी'ला आपण 'चाशीव' म्हणायचो आणि बाईंना काही कळत नाही असं समजायचो. बाईंना सगळं कळत होतं, कारण नियम एकच होता आणि तो सगळ्या शाळेला माहीत होता. बेस६४ याच जातीचं. एन्क्रिप्शनची गोष्ट निराळी. तिथेही रीत जगजाहीर असते, पण तिच्यात एक किल्ली घालावी लागते आणि ती किल्ली फक्त दोघांकडे असते. रीत पूर्ण माहीत असूनही किल्लीवाचून वाचता येत नसेल, तरच ते एन्क्रिप्शन.

मग आपल्या आधारचं काय झालं? कार्डाचा फोटो काढून पाठवला असेल, तर त्याला कुलूप नव्हतंच. मेल प्रवासात असताना आजकाल बहुतेक सर्व्हर आपसांतली वाट एन्क्रिप्ट करतात, हे खरं. पण ते संरक्षण वाटेपुरतं. पोहोचल्यावर फोटो संयोजकांच्या मेलबॉक्समध्ये तसाच पडून राहतो. उद्या त्यांचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला, तर आपल्या सगळ्यांची कार्डं एकदम त्याच्या हाती लागतील.

ज्यांनी यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवलेली ई-आधारची पीडीएफ पाठवली, त्यांच्या फाइलला खरं कुलूप आहे. ती उघडताना पासवर्ड मागते, हीच त्याची खूण. पण तो पासवर्ड कसा बनतो? नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि पुढे जन्मवर्ष. नाव तर मेलवरच असतं. जन्मवर्ष माहीत नसलेल्या माणसाला फार तर शंभर वर्षं तपासावी लागतील, आणि संगणकाला ते क्षणाचं काम. आपल्याला तर तेवढीही गरज नाही. या सभागृहात बसलेल्या आपल्या तुकडीची जन्मवर्षं जास्तीत जास्त दोन! कुलूप भक्कम आहे, पण किल्ली पायपुसण्याखाली ठेवलेली आहे.

तेव्हा पुढच्या वेळी एवढं करू. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मास्क्ड आधार मिळतं. त्यात बारांपैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. समोरच्याला चालत असेल, तर तेच पाठवावं. पूर्ण कागदच हवा असेल, तर सेव्हन-झिपसारख्या साधनाने एईएस-२५६ निवडून फाइलला स्वतःचा लांब पासवर्ड लावावा आणि तो मेलमध्ये न लिहिता फोनवर सांगावा. काम झालं की ती मेल दोन्ही बाजूंनी पुसावी, कचरापेटीतूनसुद्धा.

संयोजकांना माझी विनंती आहे, की खोल्यांचं काम आज संपलं आहे, तर आपल्या कार्डांच्या त्या सगळ्या मेल आज रात्रीच काढून टाकाव्यात. मदतीला मी थांबतो.