कलमाचा जोड आणि खालची फूट

ताईंनो, पावसात लावलेल्या हापूसच्या कलमाला हिरवीगार पालवी आली, की आधी खाली वाका. फुटीवरून बोट खाली नेत ती कुठून निघाली ते बघा. जोडाच्या वरून असेल तर हापूस, खालून असेल तर खुंटाची, म्हणजे रायवळ. ही रायवळ जोमानं वाढते आणि वरची काडी उपाशी राहून वाळते. म्हणून कोवळी असतानाच ती बुडातून मोडा. थोटूक ठेवलंत तर पुन्हा फुटणारच.

आता जोड बघा. सांधा सगळीकडून भरला असेल आणि प्लॅस्टिकची पट्टी तशीच असेल, तर ब्लेडनं उभी कापून काढा, नाहीतर ती सालीत रुतते. जोडाच्या वरची काडी नखानं जराशी खरवडा. आत हिरवी असेल तर जिवंत. तपकिरी, कोरडी निघाली तर हापूस गेला. खाली कितीही पालवी दिसो, ते आता रायवळचं रोप.