मानीव अभिहस्तांतरण : सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव येईपर्यंत

(नाशिकमधील गृहनिर्माण सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



फ्लॅटचा करारनामा नोंदवला, कर्ज फेडलं, घरपट्टी आपल्या नावावर आली. तरी इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिचा सातबारा काढून पाहा. बऱ्याच ठिकाणी त्यावर अजून मूळ शेतमालकाचं किंवा बिल्डरचं नाव दिसेल. इमारत जुनी झाली, पाडून नवी बांधायची ठरली की हा प्रश्न समोर येतो. नवा विकासक पहिल्यांदा विचारतो की जमीन कोणाची. बँकही तेच विचारते. आणि जमीन ज्याच्या नावावर आहे, तो वाढीव एफएसआयवर हक्क सांगायला येतो.

1963 च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका कायद्याचं, म्हणजे मोफाचं, कलम 11 सांगतं की जमीन आणि इमारत सोसायटीला लिहून देणं हे बिल्डरचं कर्तव्य आहे. करारात मुदत ठरलेली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. त्याने दिलं नाही तर पूर्वी दिवाणी दावा हाच रस्ता होता. 2008 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने दुसरा रस्ता दिला. सोसायटीने जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करायचा. ते बिल्डरला म्हणणं मांडायची संधी देतात आणि प्रकरण योग्य वाटलं तर तसं प्रमाणपत्र देतात. मग बिल्डरच्या सहीशिवाय दस्त नोंदवता येतो. यालाच मानीव अभिहस्तांतरण किंवा डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात.

नाशिकमध्ये आधी एक गोष्ट तपासा. आपल्याकडे अनेक इमारती सोसायटी नसून 1970 च्या कायद्याखालची 'अपार्टमेंट' आहेत. तिथे घोषणापत्र नोंदलेलं असतं आणि प्रत्येक फ्लॅटधारकाला डीड ऑफ अपार्टमेंट मिळतं. त्यांचा मार्ग वेगळा आहे. मी आज बोलतोय ते नोंदणीकृत सोसायटीबद्दल.

नमुना 7 मधला अर्ज, दोन हजारांचा कोर्ट फी स्टँप, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, करारनामे, सभासदांची यादी आणि त्यांचे इंडेक्स 2, बिल्डरला पाठवलेली नोटीस. ही कागदपत्रं पाठपुराव्याने जमतात. इमारतीला पूर्णत्वाचा दाखला नसला तरी अडत नाही. 22 जून 2018 च्या शासन निर्णयानुसार सोसायटीचं स्वयंघोषणापत्र चालतं. प्रकरण बिघडतं ते दोन रकान्यांत : जमिनीचं क्षेत्र आणि सामनेवाल्यांची नावं.

आधी क्षेत्र. मानू या, सातबाऱ्यावर 24 आर, म्हणजे 2,400 चौरस मीटर जमीन आहे. मंजूर नकाशात तीन इमारती आहेत. पहिल्या दोन प्रत्येकी 1,000 चौरस मीटर बांधकामाच्या, तिसरी 1,200 ची, आणि तिसरी अजून उभीच राहिलेली नाही. तुमची सोसायटी पहिल्या इमारतीची. अर्जात किती जमीन मागायची?

समिती रागाने 2,400 लिहिते, कारण बिल्डर पळालाय. मग दुसऱ्या इमारतीची सोसायटी हरकत घेते आणि ती हरकत रास्त असते. दुसरी समिती घाबरून फक्त इमारतीखालची 300 मीटर लिहिते. आदेश झटपट मिळतो, पण पुनर्विकासाच्या वेळी हातात तेवढीच जमीन राहते. योग्य हिशेब बांधकामाच्या प्रमाणात होतो. एकूण मंजूर बांधकाम 3,200, तुमचं 1,000, म्हणजे 31.25 टक्के. 2,400 चे 31.25 टक्के म्हणजे 750 चौरस मीटर. हा तुमचा अविभक्त हिस्सा, आणि त्यासोबत आतला रस्ता व मोकळ्या जागेचा सामाईक वापर. मंजूर नकाशावरून वास्तुविशारदाचा दाखला घ्या आणि तोच आकडा अर्जात, दस्ताच्या मसुद्यात आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावात सारखा ठेवा. करारनाम्याचं परिशिष्टही वाचा. अधिकारी शेवटी पाहतात की बिल्डरने लेखी काय द्यायचं कबूल केलं होतं.

आता नावं. बिल्डर जमिनीचा मालक असतोच असं नाही. पुष्कळदा त्याच्याकडे फक्त विकसन करारनामा आणि मुखत्यारपत्र असतं. अशा वेळी सातबाऱ्यावरच्या मालकालाही सामनेवाला करावं लागतं. मालक वारला असेल तर वारसांना. इथे वारस फेरफारावर विसंबून राहू नका. तिथे अनेकदा फक्त मुलांची नावं चढलेली असतात. मुस्लिम वारसा कायद्यात बायको आणि मुलींचा हिस्सा ठरलेला आहे. हिंदू कुटुंबातही मुली वारस आहेत. वगळलेली बहीण उद्या म्हणू शकते की मला नोटीसच मिळाली नाही. सगळ्यांची नावं घाला. ज्यांचा पत्ता सापडत नाही, त्यांच्यासाठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देण्याची विनंती करा.

सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकानाही वाचा. तिथे बँकेचा बोजा, वर्ग 2 ची शर्त किंवा वक्फची नोंद असेल तर आधी वकिलाला दाखवा. मानीव अभिहस्तांतरणात बिल्डरकडे जेवढा हक्क होता तेवढाच येतो. वक्फची जमीन त्याला विकता येत नव्हती, तर ती या आदेशानेही तुमची होत नाही.

बिल्डर सुनावणीत बहुधा म्हणेल की मालकीचा वाद आहे, म्हणून अर्ज फेटाळा. मुंबई उच्च न्यायालयाने 2012 मध्ये माझदा कन्स्ट्रक्शन विरुद्ध सुलतानाबाद दर्शन सोसायटी या प्रकरणात याचं उत्तर दिलं आहे. ही चौकशी संक्षिप्त असते, तिच्यात मालकी हक्काचा अंतिम निवाडा होत नाही, ज्याला वाद आहे त्याने दिवाणी न्यायालयात जावं. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये एव्हन आर्केड सोसायटीच्या प्रकरणात हीच दिशा कायम ठेवली. याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. आदेश तुमच्या बाजूने लागला तरी दिवाणी दाव्याची वाट बिल्डरसाठीही उघडी राहते. म्हणून क्षेत्र आणि नावं काटेकोर हवीत.

कायद्याने निर्णयाला सहा महिन्यांची मर्यादा आहे. तारखा पुढे जात असतील तर प्रत्येक तारखेला हे लेखी नोंदवा.

आदेश हाती आला की पेढे वाटून फाईल कपाटात ठेवणाऱ्या समित्या कमी नाहीत. पण प्रमाणपत्राने सातबारा बदलत नाही. त्यानंतर दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी न्यावा लागतो. फ्लॅटच्या करारांवर भरलेला मुद्रांक तिथे वजा होतो. म्हणून बिल्डरने केलेल्या पहिल्या विक्रीचेही करार जमवा, फक्त आजच्या सभासदांचे नव्हे. एखाद्या जुन्या करारावर मुद्रांक कमी भरला असेल तर फरक आणि दंड तिथे निघतो. मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणी होते. ते बिल्डरला आणखी एकदा नोटीस काढतात. नोंदलेला दस्त घेऊन तलाठ्याकडे, किंवा मिळकत पत्रिका असेल तर नगर भूमापन कार्यालयात, फेरफाराचा अर्ज द्यायचा. फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव आलं, तेव्हा काम पुरं झालं.

पुढच्या रविवारी समितीची बैठक घ्या. bhulekh.mahabhumi.gov.in वरून सातबारा काढा, शेजारी करारनाम्याचं परिशिष्ट आणि मंजूर नकाशा ठेवा, आणि तिन्हीत गट क्रमांक, प्लॉट क्रमांक व क्षेत्र जुळतं का ते पाहा. जुळत नसेल तर अर्ज थांबवा, मोजणी करून घ्या. आता ज्यांनी सातबारा सोबत आणलाय त्यांनी पुढे यावं, एकेक पाहू या.