‘टॉर्च’चा अहवाल आणि संसर्गाची वेळ

रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस म्हणजे सीएमव्ही आणि टॉक्सोप्लाझ्मा हे ‘टॉर्च’ तपासणीत शोधले जाणारे तीन जंतू गरोदर स्त्रीच्या वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. आईला थोडा ताप येतो, कधी तेवढेही नाही. बाळाचे नुकसान किती होईल, हे मुख्यतः संसर्ग कितव्या आठवड्यात झाला यावर ठरते. पहिल्या बारा आठवड्यांत रुबेला झाल्यास मोतीबिंदू, हृदयदोष, बहिरेपणा यांचा धोका फार मोठा असतो. वीस आठवड्यांनंतर तो अगदी कमी होतो. रुबेला आणि बाळाचा मोतीबिंदू यांचा संबंध ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवला. सीएमव्हीमुळे होणारी कायमची इजाही बहुतांशी पहिल्या तिमाहीतल्या संसर्गातून येते.

रक्ततपासणीतून ही वेळ कशी शोधतात, ते सीएमव्हीच्या उदाहरणावरून पाहू. समजा, दहाव्या आठवड्यात एका स्त्रीचे आयजीजी आणि आयजीएम दोन्ही पॉझिटिव्ह आले. नुसते आयजीजी जुना संसर्ग सांगते. भारतात बहुतेक स्त्रियांमध्ये ते आढळते आणि त्यावर उपचार लागत नाही. आयजीएम नव्या संसर्गात दिसते, पण ते कित्येक महिने टिकते आणि कधी खोटेही पॉझिटिव्ह येते. म्हणून त्याच रक्तावर ‘अ‍ॅव्हिडिटी’ तपासतात. आयजीजीची विषाणूवरची पकड पहिल्या काही महिन्यांत हळूहळू घट्ट होत जाते. पकड घट्ट आढळली तर संसर्ग तीन महिन्यांहून जुना, म्हणजे गर्भधारणेपूर्वीचा असतो. मग बाळाचा धोका बराच कमी होतो, शून्य मात्र होत नाही, कारण जुना विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो. हीच तपासणी विसाव्या आठवड्यात केली तर घट्ट पकडीवरून पहिली तिमाही निर्धोक गेली असे म्हणता येत नाही.

पकड सैल असेल तर संसर्ग ताजा असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी सुमारे एक तृतीयांश गर्भांपर्यंत विषाणू पोहोचतो, पण पोहोचलेल्या सर्वांनाच इजा होत नाही. खात्रीसाठी गर्भजलाची पीसीआर तपासणी करतात. विषाणू गर्भाच्या लघवीतून गर्भजलात उतरतो, म्हणून संसर्गानंतर निदान आठ आठवडे थांबावे लागते. सोनोग्राफीत मेंदूतील कॅल्शियमचे ठिपके किंवा लहान डोके दिसू शकते. बहिरेपणा मात्र तिच्यात दिसत नाही. त्यामुळे जन्मानंतर २१ दिवसांच्या आत बाळाची लघवी किंवा लाळ तपासतात, आणि बाळ बाधित निघाल्यास पुढे काही वर्षे त्याची श्रवणचाचणी करत राहतात.

रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत. ती गर्भधारणेच्या निदान एक महिना आधी घ्यावी. सीएमव्हीवर लस उपलब्ध नाही. तो लहान मुलांच्या लाळेतून व लघवीतून पसरतो, म्हणून गरोदर स्त्रीने मुलाचे उष्टे खाऊ नये आणि लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत. टॉक्सोप्लाझ्मा टाळण्यासाठी मांस पूर्ण शिजवावे, भाज्या नीट धुवाव्यात आणि मांजराची विष्ठा दुसऱ्या कोणी साफ करावी.