एक चंद्र, अनेक बांध्या

मंडळी, आज आपण अद्वैताविषयी बोलू. अद्वैत म्हणजे दोन नसणे. आपल्या आत 'मी आहे' असे जाणणारा तो जीव. साऱ्या जगाचे जे मूळ, ते ब्रह्म. ही दोन नाहीत, एकच आहेत, असे हे मत सांगते. शंकराचार्यांनी ते संस्कृतात मांडले. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' या ग्रंथात ते मराठीत सांगितले. त्या ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे सन ११८८, असा सांगतात. तो वैनगंगेकाठी आंभोऱ्याला लिहिला, असे आपल्याकडे मानतात. कोणी अंबाजोगाईचे नाव घेतात. तो वाद पंडितांकडे राहू द्या.

एकदा आम्ही हे सांगत होतो, तेव्हा एका शेतकऱ्याने विचारले, "गुरुजी, सारे एकच, तर माझं पोट दुखते तेव्हा तुमचं का दुखत नाही?"

लोक हसले. पण शंका खरी होती. शंकराचार्यांनीही हीच शंका घेऊन तिला पाण्यातल्या सूर्याचा दाखला दिला आहे. आम्ही आपला बांधीचा दिला.

रोवणीच्या दिवसांत रात्री ढग फाटले की धुऱ्याधुऱ्याने चालत जा. ज्या बांधीजवळ जाल, तिच्यात चंद्र दिसेल. आता तुम्ही एका बांधीजवळ थांबा, शेजारी दुसरीजवळ थांबू द्या. तुमच्या बांधीत ढेकूळ टाका. तुमचा चंद्र फुटेल, शेजाऱ्याचा तसाच राहील. वरचा तर हललाच नाही. हलले ते पाणी. तसे दुखणे शरीराचे आणि मनाचे, ते ज्याचे त्यालाच. म्हणून एकाचे दुखणे दुसऱ्याला लागत नाही, आणि देणेघेणेही ज्याचे त्यानेच फेडायचे!

पण हा दाखला सगळा लागू पडत नाही. चंद्र दूर आभाळात, पाणी खाली बांधीत. यावरून कोणी समजेल की ब्रह्मही असेच कुठे दूर आहे. तसे नाही. म्हणून दुसरा दाखला देतात, तो मडक्याचा.

रिकाम्या मडक्यात पोकळी असते, बाहेरही असते. आतली पोकळी कुंभाराने घडवली का? नाही. त्याने नुसती माती भोवती फिरवली. मडके फुटले तर आतली पोकळी बाहेरच्या पोकळीला भेटायला जात नाही. ती वेगळी कधी नव्हतीच. जीव आणि ब्रह्म असेच. वेगळेपण दिसते ते मातीच्या भिंतीमुळे.

आमच्या लहानपणी शाळेत काही पोरांचे पाण्याचे मडके वेगळे ठेवत. तेच गुरुजी आम्हांला हा मडक्याचा दाखला शिकवत. तेव्हा आम्ही तो पाठ केला. दोन्ही मडकी मात्र सुटीपर्यंत वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभी असत, आणि आमच्यापैकी कोणी काही विचारले नाही.