आभार कुणाचे, कसे?

वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या गावात सोयाबीनची पोती ट्रॉलीत चढवायला शेजारी धावून आला, तर त्याला ‘धन्यवाद’ म्हटल्यावर तो थोडा बिचकतोच. तिथं वऱ्हाडी बोलीत ‘बरं झालं भाऊ, तू आला’ म्हणायचं आणि चहाला थांबवायचं. उद्या त्याच्या पोत्यांना हात लावला की आभार पूर्ण होतात.

तलाठी, डॉक्टर किंवा मास्तर यांच्याशी बोलताना मात्र ‘आपला आभारी आहे’ शोभतं. बाई ‘आपली आभारी आहे’ म्हणते, ‘आभारी’चं रूप बदलत नाही. ‘आपले आभार मानतो’ किंवा ‘मानते’ म्हणताना ‘आभार’ अनेकवचनी राहतो. त्यामुळे ‘आपला आभार’ कानाला खटकतं. ‘ऋणी आहे’ हे त्याहून जड. शिक्षण, आजारपण अशा मोठ्या मदतीसाठीच ते राखून ठेवावं, असं मला वाटतं.

खरी कसोटी लागते ती शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या आभारप्रदर्शनात. तोवर पाहुणे उठायच्या बेतात असतात. प्रथम अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग देणगीदार, आणि मंडपवाले, स्वयंपाक करणाऱ्या बायका, ध्वनिक्षेपक सांभाळणारा मुलगा शेवटी. घाईत हीच नावं गळतात. म्हणून यादी आधी कागदावर लिहावी आणि प्रत्येकाचं नेमकं काम एका वाक्यात सांगावं: ‘रात्रभर जागून मंडप उभारणाऱ्या तरुणांचे मनःपूर्वक आभार.’