उत्तराशेजारी कलम लिहा



देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील आपली कितीतरी माणसे जंगलालगत राहतात. वनहक्काविषयी ती आपल्याला प्रश्न विचारतात आणि आपण ऐकीव उत्तर देतो. ते खरे असो वा खोटे, विचारणाऱ्याला तपासता येत नाही. म्हणून २००६ चा वनहक्क कायदा समोर ठेवून उत्तर कसे द्यावे, हे आज आपण एका प्रश्नावरून पाहू.

प्रश्न असा : "आम्ही बौद्ध, आदिवासी नाही. जमीन ७५ वर्षांपासून आमच्या ताब्यात असल्याचा पुरावा नसेल, तर दावा करता येतो काय?"

पहिली पायरी प्रश्न फोडण्याची. यात तीन प्रश्न आहेत : आपण कोणत्या वर्गात बसतो, ७५ वर्षे कशाची, आणि ताबा केव्हापासूनचा.

वर्ग कोणता, हे व्याख्येच्या कलमात सापडते. कलम २, खंड (ओ) : इतर पारंपरिक वननिवासी. अनुसूचित जमातीत नसलेले, पण जंगलात राहणारे व त्यावर उपजीविका असलेले लोक यात येतात. १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्यांचा निवास, अशी अट तेथे आहे. मात्र "७५" हा आकडा त्या वाक्यात नाही. तो खालच्या स्पष्टीकरणात दडलेला आहे : एक पिढी म्हणजे २५ वर्षे. म्हणजे निवास १३ डिसेंबर १९३० च्या आधीपासूनचा हवा. जो स्पष्टीकरण वाचत नाही, त्याचे उत्तर अर्धवट राहते.

आता ताबा. तो कलम ४, पोटकलम (३) मध्ये आहे. तेथे जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वी ताब्यात असावी, एवढेच म्हटले आहे. ७५ वर्षांची अट निवासाची व जंगलावरील उपजीविकेची आहे, त्या विशिष्ट तुकड्याच्या ताब्याची नाही. दोन कलमे एकत्र मिसळल्याने गावोगाव गैरसमज झाला.

तेव्हा आपले उत्तर असे लिहावे : "दावा करता येतो. निवास १३-१२-१९३० पूर्वीपासून : कलम २ (ओ) व स्पष्टीकरण. ताबा १३-१२-२००५ पूर्वीचा : कलम ४ (३). जमीन प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढीच, कमाल ४ हेक्टर : कलम ४ (६)." यातील शेवटचे वाक्य गाळू नये. नाहीतर चार हेक्टर, म्हणजे सुमारे दहा एकर, सर्वांनाच मिळतात असा समज पसरतो.

पुरावा कोणता, हे कायद्यात शोधून सापडणार नाही. ते २००८ च्या नियमांत, नियम १३ मध्ये आहे. जनगणना, सर्वेक्षण व बंदोबस्ताचे अहवाल, हक्कनोंदी, घरकराची पावती यांसोबत गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही तेथे मान्य आहे. हा जबाब स्वतः दावेदाराचा चालत नाही. शिवाय उपनियम (३) प्रमाणे एकापेक्षा अधिक पुरावे पाहिले जातात. म्हणून एकट्या जबाबावर विसंबू नये.

कार्यालयात अमुकच कागद आणा म्हटले, तर नियम १२-क, उपनियम (११) दाखवावा. विशिष्ट स्वरूपाच्याच कागदाचा आग्रह समितीने धरू नये, असे तो सांगतो. पण हा नियम सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने आला. आपल्या पेटीतील पुस्तिका २००८ ची असेल, तर तो तीत मिळणारच नाही. यासाठी प्रत कोणत्या वर्षाची, हे आधी पाहावे.

पानाचा क्रमांकही लिहावा, परंतु प्रकाशक व वर्ष यांसह, कारण प्रत बदलली की पान बदलते. कलमाचा क्रमांक टिकतो, मात्र खंडाचे अक्षर भाषेप्रमाणे बदलते. इंग्रजीतील (ओ) हिंदी प्रतीत (ण) असतो. म्हणून खंडाचे पहिले चार शब्दही उतरवून ठेवावेत, म्हणजे वाचणाऱ्याचे बोट नेमक्या ओळीवर पडते.

कधी उत्तर त्या कागदात नसतेच. तेंदूपत्ता गौण वनोपजात येतो काय? येतो, कलम २ (आय). तो गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क आहे काय? आहे, कलम ३ (१) (सी). पण यंदा शेकडा भाव किती? ते कायद्यात नाही. अशा वेळी "यात नाही" असेच लिहावे. अंदाजाच्या उत्तरापुढे कलम लावले, तर पुढच्या खऱ्या कलमावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

शेवटी एक पडताळणी. लिहिलेले उत्तर दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. त्याने आपल्याला काही न विचारता केवळ खुणेवरून ती ओळ शोधावी आणि वाचून तोच अर्थ सांगावा. ओळ सापडली नाही तर खूण चुकली. ओळ सापडली पण अर्थ वेगळा निघाला, तर आपले वाचन चुकले. दोन्ही चुका दावा दाखल होण्यापूर्वीच दुरुस्त करता येतात.

जयभीम.