एकदा घालायला किती पडतं?

आज ठेवींच्या व्याजदराबद्दल नाही, कपाटाबद्दल बोलायचं आहे.

आषाढ लागला की आपल्या म्हैसूरच्या दुकानांत सेल लागतात, आणि दसरा जवळ आला की सगळ्यांचीच खरेदी सुरू होते. आपण लेबलावरची किंमत बघतो, सूट बघतो आणि पैसे देतो. पण एक भागाकार राहून जातो. कपड्यावर झालेला सगळा खर्च, भागिले तो किती वेळा घातला. याला आपण 'एका वेळेची किंमत' म्हणू. सगळा खर्च म्हणजे शिलाई, फॉल-पिको, ड्रायक्लीनिंगसुद्धा.

माझाच हिशेब सांगते. बँकेत जायला मी सहाशे रुपयांचे कुर्ते घ्यायची. वीसेक वेळा घातला की रंग उतरायचा, काखेतली शिवण उसवायची, आणि कुर्ता घरात घालायला जायचा. सहाशे भागिले वीस, म्हणजे एका वेळेला तीस रुपये. मग चौदाशेचा सुती कुर्ता घेतला. तो सत्तर वेळा घालून झाला. एका वेळेला वीस रुपये. धुणं-इस्त्री दोन्हींना सारखीच, म्हणून ती धरली नाही.

वर्षाला कामाचे दिवस साधारण दोनशे चाळीस. स्वस्त कुर्त्यांनी 7,200 रुपये लागतात, महागांनी 4,800. वर्षाला 2,400 रुपये वाचले, म्हणजे महिन्याला दोनशेचं आवर्ती खातं. मात्र सहा कुर्ते एकदम घेतले तर पहिल्याच वर्षी 8,400 जातात. म्हणून जुने विटतील तसे दोन-दोन घ्या.

दुकानात उभं असताना उलटा भागाकार करा. चौदाशे भागिले तीस, म्हणजे हा कुर्ता निदान सत्तेचाळीस वेळा घातला तरच स्वस्ताला हरवेल. तेवढा टिकेल का? शिवण आतून उलटून बघा, टाके दाट आहेत का, शिवणीत कापड पुरेसं सोडलंय का ते पाहा. नुसती किंमत जास्त म्हणून कापड टिकाऊ असतं असं नाही.

आता मोठा वाटा कशाला द्यायचा? जो कपडा खूप घातला जातो त्याला, असं पटकन वाटेल. तेवढं पुरत नाही. दुप्पट पैसे दिले तर तो दुपटीहून जास्त वेळा घालता येईल का, हा खरा प्रश्न. ऑफिसचे कपडे, रोजच्या चपला इथे उत्तर बहुधा 'हो' येतं. मुलांचा गणवेश रोजचाच, पण तिथे उत्तर 'नाही'. कापड विटण्याआधी मूल वाढतं. तिथे महाग कापडापेक्षा खालची दुमड मोठी ठेवून घ्या.

आणि रेशमी साडी? 1912 साली नाल्वडी कृष्णराज वाडियारांनी इथे रेशीम कारखाना काढला, आणि आज म्हैसूर सिल्क हा घराघरातला विषय आहे. समजा ब्लाउज, फॉल धरून साडी 25,000 ला पडली. वर्षाला चारदा, पंधरा वर्षं नेसली, तर साठ वेळा. एका वेळेला सुमारे 417 रुपये, वर ड्रायक्लीनिंग. हीच साडी आई आणि लेक दोघी तितक्याच वेळा नेसल्या तर आकडा निम्म्यावर येतो. तरी तो कुर्त्याच्या वीस रुपयांशी लावू नका. लग्नकार्यातल्या साडीची तुलना दुसऱ्या लग्नकार्यातल्या साडीशीच करा आणि तिच्यासाठी वर्षाच्या कपड्यांच्या पैशांतून आधीच वेगळी रक्कम बाजूला काढा. नाहीतर एक साडी रोजच्या कपड्यांचे पैसे खाऊन टाकते.

या हिशेबात लबाडी एकाच ठिकाणी होते: किती वेळा घालणार, या अंदाजात. माझ्याकडे सेलमधली सहा हजारांची साडी आहे. 'दर सणाला नेसेन' म्हणून घेतली, तीन वर्षांत दोनदा नेसली. एका वेळेला तीन हजार! निम्म्या किमतीत मिळाली होती, हे त्यात कुठेच दिसत नाही. पैसे तर गेलेच. धडा एवढाच की तशी दुसरी घ्यायची नाही.

म्हणून अंदाज नको, मोजणी करा. या दसऱ्याला कपाटातले सगळे हँगर उलटे अडकवा. कपडा घातला की परत ठेवताना हँगर सरळ करा. कपाटाच्या दाराच्या आत एक कागद चिकटवा आणि नेहमीच्या चार-पाच कपड्यांपुढे दर वेळी एक रेघ मारा. पुढच्या दसऱ्याला जे हँगर उलटेच राहिले असतील, त्या प्रकारच्या कपड्यांचा वाटा कमी करा. ज्यांच्यापुढे रेघा दाट आहेत, त्यांना दुप्पट किमतीचा प्रश्न विचारा. उत्तर 'हो' आलं, तर वाढीव पैसे तिथे द्या.